दर्शनीआक्काचे दोन चोवीस

आमच्या वडगावच्या गल्लीत येऊन प्रियदर्शनी अशी हाक मारलीत तर एकही दार उघडणार नाही. दर्शनीआक्का म्हणा, चार दारं उघडतील आणि त्यातलं एक तिचं असेल. घरात आई चंद्राबाई, धाकटा भाऊ साईनाथ आणि पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग. दोन म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत दोन. आता तिथं साईनाथची मोटारसायकल उभी असते.

मी ज्योतिबा. तिच्या घरापासून दोन दारं सोडून राहतो आणि बेळगावातल्या एका मराठी दैनिकात व्यापाराचं अर्धं पान लावतो. अर्धं अशासाठी की उरलेल्या अर्ध्यावर रोज सोन्याच्या दुकानाची जाहिरात असते, आणि तिच्यासमोर जगातल्या कुठल्याही बातमीची मात्रा चालत नाही. आमच्या कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर विक्रमची जाहिरात एजन्सी आहे. दर्शनीआक्का तिथं भाषांतर करते. कंपन्यांची इंग्रजी प्रसिद्धिपत्रकं येतात, ती मराठीत आणते, आणि ती जिना उतरण्याआधी मेलवर माझ्याकडे उतरतात.

बाई बी. कॉम. झालेली आहे, पण मला तिचं कौतुक पदवीचं नाही. या शहरात बी. कॉम. झालेले लोक दगड मारला तर लागतील इतके आहेत, माझ्यासकट. मला कौतुक आहे ते तिच्या चिकटपणाचं. "नफा दुपटीने वाढला" असं मी एकदा छापलं तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत तिनं मला विचारलं, "अण्णा, दहाचे वीस झाले का तीस?" मी म्हटलं वीस. "मग दुप्पट झाला म्हणा की. दुपटीनं वाढला म्हटल्यावर दहात वीस मिळवणाराबी कुणी असतोय." टपरीवाला हसला. मी चहा अर्धा टाकून उठलो, पण त्या दिवसापासून "दुप्पट झाला" असंच छापतो.

नफ्याच्या बाबतीत तर ती कुणाचं ऐकत नाही. इंग्रजी पत्रकात नफा तीन ठिकाणी तीन नावांनी येतो आणि घाईतला माणूस तिन्हीला नुसता नफा म्हणून मोकळा होतो. ही तसं करत नाही. विक्रीतून कच्च्या मालाचा खर्च वजा केला की ढोबळ नफा. त्यातून पगार, वीज, वाहतूक वगैरे धंदा चालवायचा खर्च गेला की परिचालन नफा. पुढं घसारा म्हणजे यंत्रांच्या झिजेची वजावट, व्याज, कर सगळं भागवून, मधे काही वेगळं आलं-गेलं असेल तर तेही धरून, तळाला राहील तो निव्वळ नफा. त्यातही प्रत्येक कंपनीची मोजायची रीत थोडी वेगळी. कुणी घसारा धरून परिचालन नफा काढतो, कुणी घसाऱ्याच्या आधी. म्हणून ही बाई पत्रकातल्या शब्दावर विश्वासच ठेवत नाही. आधी मागचा तक्ता उघडते, काय वजा झालंय ते बघते आणि मग नाव लिहिते.

विक्रमला ढोबळ या शब्दाचा भारी राग. "ढोबळ म्हंजे अंदाजे वाटतंय गं. कंपनी काय अंदाजानं चालवत्यात व्हय?" असं तो दर तिमाहीला म्हणतो. त्याला तिथं "एकूण नफा" हवा असतो. दर्शनीआक्का दर तिमाहीला तेच उत्तर देते. "एकूण म्हटलं की वाचणारा समजतोय सगळं जमेला धरून एवढं राहिलं. अजून तर पगारसुद्धा द्यायचा हाय." मग ढोबळच जातो. विक्रम वाईट माणूस नाही. तीन माणसांचे पगार आणि कार्यालयाचं भाडं डोक्यावर असलं की माणूस गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून शब्द निवडतो, इतकंच.

आता उन्हाळ्यात काय झालं ते सांगायला हवं. साडीला भाव मिळेना, विजेचं बिल थांबेना, तेव्हा साईनाथनं दोन्ही माग विकून टाकले. इचलकरंजीचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि घेऊन गेला. चंद्राबाई त्या दिवशी जेवली नाही. आलेले पैसे तिनं नव्या खणात बांधले आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले. विणकामाच्या पैशाचा डबा स्वयंपाकघरात होता, त्यात नाही घातले. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. साडी विकून आलेला पैसा डब्यात. माग मोडून आलेला पैसा देवापाशी. दोन्ही एकत्र करायचे नाहीत. चंद्राबाईची सासू म्हणायची, म्हणे, की एकत्र केले तर घरच्या माणसाला वाटतं धंदा बरा चाललाय.

पण पैसा देवापाशी ठेवला म्हणून साईनाथच्या जिवाला चैन पडणार थोडंच! गल्लीतली निम्मी पोरं उद्यमबागेतल्या सुवर्णगिरी फाउंड्रीत कामाला. कंपनीचे शेअर बाजारात आहेत, आणि रात्रपाळी करून आलेली पोरं कट्ट्यावर बसून त्या शेअरच्या गप्पा मारायची. साईनाथच्या डोक्यात ते शिरलं. दोन मागांचे सगळे पैसे सुवर्णगिरीत घालायचे, कंपनीची भरभराट होईल तशी आपली होईल. त्यानं एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. थांबला. "तिमाहीचं निकाल लागू दे," म्हणाला. "नफा वाढला असला तर दुसऱ्याच दिवशी सकाळी घेतो. पेपरात वाचल्याबिगर हात घालणार न्हाय."

बहिणीला त्यानं विचारून पाहिलंच. निकालाचं मराठी पत्रक तीच करणार हे साऱ्या गल्लीला ठाऊक. ती म्हणाली, "कंपनीनं स्टॉक एक्स्चेंजला कळवल्याबिगर माझ्या तोंडनं एक आकडा यायचा न्हाय. आन शेअर घे का नको घे हे तर मी कधीच सांगणार न्हाय. ते माझं काम न्हवं." साईनाथ फुरंगटला. चंद्राबाईनं फळीवरचा खण तेवढा सरळ केला.

निकालाच्या दिवशी दुपारी संचालकांची सभा झाली, आकडे एक्स्चेंजला गेले आणि चहाच्या सुमाराला इंग्रजी पत्रक विक्रमकडे आलं. कायद्यानं द्यावी लागणारी जाहिरात इंग्रजीत आणि कन्नडमध्ये निघते, ती वेगळी. मराठी पत्रक कंपनी आपल्या खुशीनं काढते, कारण बेळगाव-निपाणी पट्ट्यातले तिचे किती तरी छोटे भागधारक आणि कामगार मराठी वाचणारे. संध्याकाळी मेल माझ्याकडे आला. निव्वळ नफा दुप्पट, बारा कोटींवरून चोवीस कोटी. ढोबळ नफ्यात बारा टक्के वाढ, पंचाहत्तरवरून चौऱ्याऐंशी कोटी. विक्री एकशे पंच्याण्णववरून दोनशे दहा. अध्यक्षांचं समाधान, भविष्याबद्दल आशा. मी मथळा बांधला, "सुवर्णगिरीचा नफा दुप्पट". सोन्याच्या जाहिरातीखाली बरोबर बसला. आता सुटलो, असं म्हणून मी डबा उघडला.

तर दर्शनीआक्का जिना उतरून खाली. तिची एक सवय आहे. पत्रक गेल्यावर ती गेलेली प्रत पुन्हा उघडते आणि मूळ इंग्रजीवर बोट ठेवत एकेक आकडा वाचते. आपण पाठवलं ते नव्हे, प्रत्यक्षात गेलं ते. या सवयीला विक्रम "शेवया मोजणे" म्हणतो.

"अण्णा, पान गेलं का?"

"जायलंय. का गं?"

"थांबवा. एक ओळ न्हाय त्यात."

आम्ही दोघं वर गेलो. विक्रम फोनवर होता. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "परिचालन नफ्याचं वाक्य कुठं गेलं?"

"ते होय? मी काढलं," विक्रम सहज म्हणाला. "चोवीस कोटी दोनदा आलतं. वर निव्वळ नफा चोवीस, खाली परत नफा चोवीस. तुझ्या हातनं चुकून डबल पडलं आसंल म्हटलं. तेवढीच जागा वाचली."

माणूस खोटं बोलत नव्हता. चोवीस आणि चोवीस, मीही तसंच केलं असतं. दर्शनीआक्का चिडली मात्र. चिडली की तिचा आवाज बारीक होतो.

"विक्रमदादा, हे दोन चोवीस एक न्हवंत."

तिनं तक्ता समोर ओढला आणि पेन्सिलीनं उतरत गेली. ढोबळ नफा चौऱ्याऐंशी. पगार, वीज, वाहतूक मिळून साठ गेले. राहिले चोवीस, हा परिचालन नफा. गेल्या वर्षी हाच तीस होता. म्हणजे ढोबळ नफा वाढूनही धंद्यातली कमाई सहा कोटींनी उतरली, कारण चालवायचा खर्च पंचेचाळीसवरून साठवर गेला. पुढं घसारा आठ, व्याज सहा. चोवीसातले राहिले दहा. आणि मग एक ओळ, जी दरवर्षी नसते. जुनी जमीन विकून झालेला एकवेळचा लाभ, वीस कोटी. दहा आणि वीस तीस, त्यातून सहा कोटी कर, खाली राहिले चोवीस. हा निव्वळ नफा.

"जमीन विकली नसती तर?" मी विचारलं.

"तर करापूर्वी दहाच राहिलं असतं. गेल्या साली सोळा होतं."

विक्रमनं तक्त्यावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "ते वाक्य वाच बघू." तिनं मूळ वाक्याचं आपलं मराठी वाचलं. "जमीन विक्रीतून मिळालेला एकवेळचा लाभ वगळून परिचालन नफा चोवीस कोटी रुपये झाला, गतवर्षी याच तिमाहीत तो तीस कोटी रुपये होता." सबंध पत्रकात जमिनीचा उल्लेख या एकाच वाक्यात होता. ते कापलं तेव्हा घट पण गेली आणि जमीन पण गेली.

"मला कळलं," विक्रम म्हणाला. "पण कंपनीला मथळा चांगला पायजे असतोय. ह्या वाक्यानं त्यांची तोंडं वाकडी झाली तर वर्षाचं काम जाईल. आता गेलंय तसं जाऊ दे. खोटं तर काय लिहिलं न्हाय आपण."

खोटं खरंच नव्हतं. छापलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. मला मात्र त्या क्षणी साईनाथ आठवला. सकाळी सहाला तो कट्ट्यावर पेपर उघडणार, नफा दुप्पट वाचणार आणि देव्हाऱ्यापुढं जाऊन उभा राहणार. दोन मागांचे पैसे. पुन्हा उभे करायचे म्हटलं तर या जन्मी होणार नाहीत.

मी तिला हळूच म्हटलं, "आकडे एक्स्चेंजवर लागलेत. आता सांगायला हरकत न्हाय. भावाला फोन कर की."

ती माझ्याकडे वळली. "एकट्या माझ्या भावाला सांगू? आन गल्लीतल्या बाकीच्यांनी काय वाचायचं, अण्णा? निपाणीत कोण वाचणार आसंल, संकेश्वरात आसंल, त्यांची आक्का कुठं हाय एजन्सीत?"

मला माझ्या मथळ्याची लाज वाटली, आणि तिचा हेवाही वाटला. आता लपवून काय करायचंय!

तिनं सरळ कंपनीच्या सचिव सौम्या मॅडमना फोन लावला. शंका आली की कंपनीला विचारायचं, हा या कामाचा नियमच आहे. मॅडम धारवाडकडच्या, मराठी सावकाश बोलतात, पण आकड्यात पक्क्या. विक्रम खुर्चीच्या टोकावर. दर्शनीआक्कानं तक्रार केली नाही, कुणी कापलं तेही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, परिचालन नफ्याच्या चोवीस कोटीत जमिनीचा लाभ धरलेला न्हाय, आन घसाऱ्याच्या आधीचा हाय, बरोबर न्हवं? मराठीत तसं स्पष्ट लिवत्ये."

"बरोबर हाय," पलीकडून आवाज आला. "एक्स्चेंजला आम्ही जे दिलंय, तेच सगळ्या भाषेत जाऊ दे. एक वाक्य कमी नको, एक जास्त नको. मराठीत ते वाक्य हाय न्हवं?"

विक्रमनं डोळे मिटले.

"हाय मॅडम," दर्शनीआक्का म्हणाली. "दुरुस्त प्रत आत्ता जायलीय."

फोन ठेवल्यावर विक्रमनं स्वतः उठून सगळ्या पेपरांना दुरुस्त प्रत पाठवली आणि निपाणीच्या साप्ताहिकाला फोन करून आधीची रद्द करायला लावली. मग तिच्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणाला, "तुझ्या शेवया बऱ्या गं बाई." याहून मोठी माफी विक्रमच्या खानदानात कुणी मागितली नसेल.

मी खाली येऊन पान मोडलं. मथळा केला, "सुवर्णगिरीचा निव्वळ नफा दुप्पट, परिचालन नफ्यात घट". दोन ओळींत गेला. सोन्याच्या जाहिरातीतल्या बाईच्या कानातले झुबे थोडे कापावे लागले. दुसऱ्या दिवशी जाहिरातवाला ओरडला. ओरडू दे.

सकाळी मी मुद्दाम लवकर उठून त्यांच्या दारासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. साईनाथ पेपर घेऊन उंबऱ्यावर बसला होता. आत दर्शनीआक्का चहा करत होती, तिची पाठ दिसत होती. चंद्राबाई सोप्यात, माग होते तिथं मोटारसायकलीशेजारच्या जागेत, शेंगा निवडत होती. तिला वाचता येत नाही, म्हणून साईनाथ रोज तिला पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो.

"निव्वळ नफा दुप्पट!" तो ओरडलाच. "आई, बघ, बाराचं चोवीस!"

"वाच पुढं," चंद्राबाई म्हणाली.

तो वाचत गेला. ढोबळ नफा वाढला. विक्री वाढली. मग ते वाक्य आलं. "जमीन विक्रीतून मिळालेला एकवेळचा लाभ वगळून परिचालन नफा..." इथं तो अडखळला, परत मागं जाऊन सावकाश वाचलं, चोवीसपर्यंत, तीसपर्यंत. आतली भांड्यांची खुडबुड थांबली होती.

"परिचालन म्हंजे काय रं?" चंद्राबाईनं विचारलं.

साईनाथनं आत बघितलं. दर्शनीआक्का वळली नाही, पण उत्तर दिलं. "कारखाना चालवून जे राहतंय ते. माल आन खर्च भागवून."

"मग चालवून गेल्या साली तीस राहिलं, औंदा चोवीस," चंद्राबाई म्हणाली. "आन दुप्पट कशात झालं?"

"जमीन विकली म्हणत्यात."

चंद्राबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. ती देव्हाऱ्याकडे बघत म्हणाली, "म्हंजे त्यांनीबी माग मोडला. आन पैसं डब्यात घातलं."

जमीन विकणं हा काही गुन्हा नाही, कंपनीनं लपवलंही नव्हतं, पुढल्या वर्षी धंदा सुधारेलही. मी हे सगळं बोलणार होतो. साईनाथचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं. माग टेम्पोत चढवताना त्याचा चेहरा असाच झाला होता.

त्यानं पेपरची घडी घातली. उठला, देव्हाऱ्यापाशी गेला. मला वाटलं आता खण काढतो. त्यानं खण उचलला, फळीवर आणखी आत, भिंतीला टेकवून ठेवला आणि परत येऊन उंबऱ्यावर बसला.

दर्शनीआक्का चहा घेऊन बाहेर आली. बशीत चहा सांडला होता. साईनाथनं तिच्याकडे न बघताच कप घेतला.

"आक्का, पुढच्या तिमाहीलाबी हे दोनी आकडे लिवशील न्हवं?"

"कंपनीनं दिलं तर लिवीन," ती म्हणाली.

"आन न्हाय दिलं तर?"

"मागीन," दर्शनीआक्का म्हणाली, आणि त्याच्या बशीतला सांडलेला चहा परत कपात ओतला.